गुरुवार, दुपारी तीन

हे लिहायला बसलो, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. आठवणी थोरामोठ्यांनी लिहायच्या असतात, अशीच माझी समजूत आहे. मी काही थोर नाही, आणि जे सांगणार आहे तेही थोर नाही. अर्ध्या मिनिटाचा एक निरोप होता, तो मी लिहिला होता आणि शहाण्या माणसांनी तो बिघडवला. एवढंच. तरी पण त्या माणसांची आठवण आली की अजून माझ्या तोंडाला कडवट चव येते, आणि कुठेतरी ती थुंकून टाकावी असं वाटतं. म्हणून हे धाडस.

मोबाईल नुकते गावागावांत पोचले होते, तेव्हाची गोष्ट. एका घरात एक फोन, तोही सगळ्यांचा मिळून. मी नाशिकला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलेज सुटलं की पंचवटीत एका संस्थेच्या कार्यालयात कारकुनीचं काम करायचो. शहराभोवतीच्या मळ्यांत भाजी आणि फुलं पिकवणाऱ्यांची ती संस्था. कार्यालय म्हणजे एक खोली, दोन टेबलं, आणि भिंतीवर चेअरमनसाहेबांचे फोटो. ते कधी नांगर धरून, कधी हार घालून घेताना. नांगर धरलेल्या फोटोत त्यांच्या पायात पांढरे बूट होते.

त्या वर्षी संस्थेत एकच विषय होता. महापालिकेनं भाजीबाजाराची नवी इमारत बांधली होती, आत सिमेंटचे ओटे होते, आणि त्यांतले काही ओटे आमच्या संस्थेच्या सभासदांना मिळणार होते. पद्धत अशी ठरली की सभेला स्वतः हजर राहायचं, सही किंवा अंगठा करायचा आणि डब्यातून चिठ्ठी उचलायची. जो हजर नाही, त्याचं नाव गेलं. सभा मंगळवारी सकाळी अकराला होती.

या ओट्यावर ज्यांचा जीव टांगला होता, त्यांत एक मावशी होत्या. नात्यातल्या नव्हेत. झेंडू आणि शेवंती घेऊन त्या शहराबाहेरच्या मळ्यातून यायच्या आणि कॉलेजच्या वाटेवर फुटपाथला बसायच्या. माझी सायकल त्यांच्या टोपल्यांमागे लावायचो, कारण कॉलेजच्या स्टँडवर दोनदा कोणीतरी हवा सोडली होती. अतिक्रमणाची गाडी आली की मावशी आधी माझी सायकल ढकलत गल्लीत न्यायच्या आणि मग टोपल्या. एकदा तेवढ्या वेळात गाडीवाल्यांनी दोन टोपल्या उचलून नेल्या.

"मावशी, सायकल राहू द्यायची ना," मी म्हणालो.

"आरं, फुलं उद्या परत उमलत्यात. तुझी सायकल उमलती का?" त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, गाडी गेली त्या दिशेला बघत म्हणाल्या, "एक ओटा भेटू दे रे बाबा. मंग ह्या गाडीला मी बसल्या जागेवरून टाटा करीन."

मावशींना ओटा हवा होता, आणि तो मंगळवारच्या सभेत मिळायचा होता.

सोमवारी दुपारी मी कार्यालयात पोचलो तर सेक्रेटरी कपाळाला हात लावून बसलेले. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मंगळवारी चेअरमनसाहेबांना कोण्या मोठ्या घरच्या साखरपुड्याला जायचं निघालं होतं. सभा पुढे ढकलायची होती. गुरुवारी, दुपारी तीनला. आणि हे सगळ्या सभासदांना आजच्या आज कळवायचं होतं.

त्याची सोय होती. इंदिरानगरमध्ये एक एजन्सी होती. तिथे आवाज रेकॉर्ड करायचा, सभासदांचे नंबर द्यायचे, आणि मग कॉम्प्युटर एकेक नंबर फिरवून तो आवाज ऐकवायचा. माणसानं फोन उचलला की निरोप सुरू. आमची योजना तीस सेकंदांची होती.

"तू लिही," गुरुजी म्हणाले. "बी.ए. आहेस ना? आपुलकीचं लिही, थोडक्यात लिही. लोकांना रागही यायला नको."

मी लिहिलं. खोटं कशाला बोलू, मन लावून लिहिलं. निरोप कसा द्यावा हे मला कॉलेजानं शिकवलं नव्हतं, पण आमच्या गावानं शिकवलं होतं. आमचं गाव इगतपुरीच्या पलीकडे, भाताचं. तिथे पावसाळ्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. नाशिकहून येणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर गावोगावचे निरोप आणतो आणि पायरीवरून लटकून ओरडतो. प्रत्येक निरोप दोनदा. पहिल्यांदा ओरडला की माणसं 'काय, काय' करत ओसरीवर येतात. दुसऱ्यांदा ओरडला की ऐकतात. एकदाच ओरडलेला निरोप आमच्याकडे निरोप धरतच नाहीत.

फोनचंही तसंच असणार, असं मला वाटलं. फोन उचलणारा आधी "हालो, कोण?" म्हणतो, त्यात सुरुवातीचे दोन-चार शब्द वाया जातात. तिथे रामराम घालावा, म्हणजे गेला तरी चालतो. मग लगेच दिवस आणि वेळ. आणि शेवटी पुन्हा दिवस आणि वेळ, कारण तोवर कोणीतरी घरातल्या दुसऱ्याला हाक मारून त्याच्या कानाला फोन लावलेला असतो. आणि जुनी वेळ अजिबात उच्चारायची नाही. दोन वेळा ऐकल्या की माणूस नेमकी चुकीची लक्षात ठेवतो.

असा झाला होता निरोप:

"राम राम मंडळी. भाजी-फुलांच्या संस्थेतून बोलतोय. ओट्यांची उद्याची मीटिंग पुढं गेली आहे. आता ती गुरुवारी, दुपारी तीन वाजता आहे. तुमची ऐनवेळी धावपळ झाली, माफ करा. सकाळचा बाजार उरकून, दोन घास खाऊन निवांत या. चिठ्ठी तुम्हालाच उचलायची आहे. विसरू नका, गुरुवार, दुपारी तीन."

घड्याळ लावून वाचला. तीस सेकंदांत बसून वर श्वास घ्यायला जागा उरत होती.

गुरुजींनी लाल पेन काढलं. निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे, पण पेन खिशात होतंच.

"'दोन घास खाऊन' हे काय? आपण संस्था आहोत, खानावळ नव्हे."

"गुरुजी, आपुलकीचं लिही म्हणालात..."

"आपुलकी शिष्टाचारातून व्यक्त होते. आणि हे शेवटी पुन्हा 'गुरुवार, दुपारी तीन'? एकदा सांगून झालं ना? याला पुनरुक्ती म्हणतात. दोष आहे तो." त्यांनी रेघ मारली. "मी चाळीस वर्षं मुलांच्या निबंधातून हे काढत आलोय."

मी म्हणालो, निबंध पुन्हा वाचता येतो, फोन पुन्हा ऐकता येत नाही. म्हणजे म्हणणार होतो. प्रत्यक्षात माझ्या तोंडून "हो, पण ते..." एवढंच निघालं, आणि गुरुजींनी चष्म्यावरून पाहिल्यावर तेही गिळलं. माझं तेव्हा असंच होतं. टेबलाच्या पलीकडे कोणी शिकलेलं बसलं की माझी वाक्यं अर्धीच बाहेर यायची.

मग चेअरमनसाहेब आले. कागद हातात घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"यात मी कुठंय?"

गुरुजी म्हणाले, "तेच मी याला सांगत होतो."

तेच ते अजिबात सांगत नव्हते. पण तेवढ्यानं मला कळलं की चाळीस वर्षं निबंध तपासून माणूस काय शिकतो.

संध्याकाळी आम्ही तिघं इंदिरानगरला गेलो. गाडीत गुरुजींनी नवा मसुदा लिहिला, दोन्ही बाजूंनी. एजन्सीचा माणूस माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल. त्यानं कागद उलटून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हे मोठं होतंय. तीस सेकंदांनंतर सिस्टीम कापून टाकते."

"माझं कोण कापतंय?" चेअरमन म्हणाले आणि माईकसमोर बसले. घसा खाकरला. मग आवाज एकदम सभेतल्यासारखा झाला.

"नमस्कार! नाशिक पंचक्रोशीतील तमाम भाजीपाला व फूल उत्पादक शेतकरी बंधू आणि भगिनींनो! मी आपला नम्र सेवक, आपल्या या संस्थेचा संस्थापक चेअरमन, आपणा सर्वांच्या आशीर्वादाने सलग तिसऱ्यांदा बिनविरोध निवडून आलेला, आपल्याशी बोलत आहे. सर्वप्रथम आपणा सर्वांना येणाऱ्या दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा! मंगळवार रोजी सकाळी ठीक अकरा वाजता आपल्या संस्थेच्या कार्यालयात ओटेवाटपाबाबतची अत्यंत महत्त्वाची सभा आयोजित करण्यात आलेली होती..."

आणि पुढे अपरिहार्य कारण, दिलगिरी, संचालक मंडळाचा ठराव, आणि या सगळ्याच्या तळाशी, विहिरीत पडलेल्या बादलीसारखा, गुरुवार आणि तीन. एकदाच.

"फोनवर एकदा लावून ऐकायचा का?" मी विचारलं. हे मात्र पूर्ण वाक्य होतं.

"ऐकवा ना," चेअरमन म्हणाले. एजन्सीवाल्यानं तो कॉम्प्युटरच्या स्पीकरवर लावला. तिथे तो शेवटपर्यंत वाजला. कॉम्प्युटर कशाला कापेल, कापणार फोन होता. चेअरमननी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "पुन्हा लाव." स्वतःचा आवाज त्यांनी दोनदा ऐकला, वेळ मात्र एकदाच सांगितली.

"साहेब, फोनवर..." मी म्हणालो.

"कॉलेजकुमार, चहा सांग," ते म्हणाले.

एजन्सीवाल्यानं माझ्याकडे बघून खांदे उडवले. त्यानं सांगायचं ते सांगितलं होतं. आणि निरोप सुटला.

मंगळवारी माझी कॉलेजात चाचणी परीक्षा होती. दुपारी कार्यालयात आलो तर पायरीवर झेंडूच्या पाकळ्या, केळीची सालं, विड्या. सकाळी अकराला माणसं आली होती, मळे आणि बाजार सोडून. दाराला कुलूप होतं. शेजारच्या सायकल दुकानदारानं सांगितलं, "लय गर्दी होती. म्हणत होते, चेरमननं रात्री स्वतः फोन करून बोलावलं. मंग शिव्या देऊन गेले."

मी गुरुजींच्या टेबलावरच्या फोनवरून एजन्सीला सांगितलं की तो निरोप या नंबरवर लावा. लागला. नमस्कार, बंधू-भगिनी, नम्र सेवक, बिनविरोध, शुभेच्छा, मंगळवार रोजी सकाळी ठीक अकरा वाजता, अत्यंत महत्त्वाची सभा. आणि टक्. लाईन गेली. गुरुवार विहिरीतच राहिला होता. ज्यांना सभा पुढे गेल्याचं सांगायचं, त्यांनाच मंगळवारी अगत्यानं बोलावून, दिवाळीच्या शुभेच्छा देऊन, कुलूप दाखवलं होतं.

गुरुजी आले तेव्हा मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकला.

"उच्चार स्पष्ट आहेत," ते म्हणाले.

"गुरुजी, वेळच नाहीये त्यात! पुन्हा पाठवायला पाहिजे. माझा तो छोटा..."

"एकच निरोप दोनदा? लोक काय म्हणतील, संस्थेत गोंधळ आहे म्हणून?"

मला वाटलं होतं, यात काहीतरी डाव असेल. लोक येऊ नयेत, म्हणजे जवळच्या माणसांना चांगले ओटे देता येतील, असा. खूप वर्षं तसं वाटत राहिलं असतं तरी बरं झालं असतं; लबाड माणसाला निदान काय हवं ते ठाऊक असतं. पण त्या दोघांच्या चेहऱ्यावर डाव नव्हता. एकाला स्वतःचा आवाज हवा होता आणि दुसऱ्याला निर्दोष मराठी. तेवढ्यासाठी त्यांनी सबंध पंचक्रोशी उन्हात उभी केली, आणि दोघांनाही त्या रात्री शांत झोप लागली असणार.

बुधवारी सकाळी मी फुटपाथवर गेलो तर मावशींची जागा रिकामी. सायकल तशीच पुढे दामटली, त्यांच्या मळ्यापर्यंत. सून झेंडू तोडत होती. फोन तिच्याच कमरेला होता.

"आत्याबाई कळवणला गेल्या ना, लेकीकडं," ती म्हणाली. "तिचे दिवस भरल्यात. मीटिंगसाठी थांबल्या हुत्या. काल जाऊन आल्या, कुलूप बघून. म्हणाल्या, माझ्या नशिबात ओटा नाय, नातू तरी बघते. दुपारच्या गाडीनं गेल्या."

"निरोप आला होता ना फोनवर?"

"आला की. चेरमनच बोलले. मंगळवारी अकराला मीटिंग, आन् दिवाळीच्या शुभेच्छा. आता ते तर आधीच ठाव होतं, मंग सांगायला फोन कशाला केला, मला कळंना. मी म्हणलं, मोठी माणसं, त्यांची हौस."

मी तिला सगळं सांगितलं. तिनं टोपली खाली ठेवली. लेकीच्या घरी फोन नव्हता. शेजारी किराणा दुकान होतं, तिथला नंबर तिच्याकडे होता. पण तिच्या फोनमधला बॅलन्स संपला होता. मी मागे फिरून रस्त्यावरच्या पिवळ्या बोर्डाच्या बूथवर गेलो आणि कळवणला फोन लावला. पलीकडे दुकानदार, मागे गिऱ्हाइकांचा गलका, कुठेतरी पिठाची गिरणी चालू.

"हालो, कोण? कोण पाहिजे?"

माझे पहिले शब्द त्या गिरणीत दळले गेले. ते तसे जाणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तिथे फक्त राम राम घातला होता.

"राम राम दादा. तुमच्या शेजारी नाशिकच्या मावशी आल्यात ना, बाळंतिणीच्या आई? त्यांना एक निरोप द्या. ओट्यांची मीटिंग गुरुवारी, दुपारी तीन वाजता आहे. मंगळवारी हेलपाटा पडला त्याबद्दल त्यांच्या सायकलवाल्यानं माफी मागितली म्हणावं. चिठ्ठी त्यांनाच उचलायची आहे. गुरुवार, दुपारी तीन."

"उद्या तीन," दुकानदार म्हणाला, आणि लगेच बाहेर कोणाला तरी ओरडला, "ए ताई, त्या नाशिकवाल्या आजीला सांग गं..." आणि गिरणीचा आवाज मोठा झाला, आणि फोन ठेवला गेला.

निरोप पोचला की नाही, मला कळलं नाही.

त्या दुपारी कार्यालयात चेअरमन बसलेच होते. सायकल दुकानदारापाशी मी निरोपाबद्दल बोललो होतो, ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. बघा, जे पोचायला नको ते कसं बिनचूक पोचतं.

"माझा निरोप कापला गेला, असं तू गावभर सांगतोस?"

"साहेब, कापला गेला. मी ऐकला."

"इतक्या वर्षांत माझं भाषण कोणी मध्ये तोडलेलं नाही," ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस. अभ्यास कर. तुला त्याची गरज आहे."

गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून गुरुवारी दुपारी तीनला मी सभेत नव्हतो. कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला बसलो होतो आणि वहीत काहीच उतरत नव्हतं. कळवणहून नाशिकला यायला-जायला अर्धा दिवस जातो. बाळंतपण आज-उद्यावर. कोणती आई अशा वेळी लेकीला सोडून चिठ्ठी उचलायला येईल? आणि कोणत्या तोंडानं मी तिला ये म्हणालो?

दुसऱ्या दिवशी सायकल दुकानदाराकडून कळलं की सभेला मूठभर माणसं आली. कोरम भरला नाही. पण नियम असा होता की कोरम नसेल तर सभा अर्धा तास तहकूब करायची, आणि मग तीच सभा कोरमशिवाय चालते. तशी ती चालली. ज्या संस्थेनं बोलावण्याची एवढी शोभा केली, तिनं न आलेल्यांशिवाय काम उरकायचा नियम मात्र अक्षरशः पाळला. आधी चेअरमननी भाषण केलं. मग चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. फुलवाली मावशी होती का, हे दुकानदाराला सांगता येईना. "बाया हुत्या दोन-तीन," तो म्हणाला. "पदर डोक्यावर. कोण कोणाची, काय सांगू?"

फुटपाथवरची जागा रिकामीच राहिली. त्याचा काहीही अर्थ होत होता. ओटा मिळाला म्हणून रिकामी, किंवा लेकीकडे आहेत म्हणून रिकामी, किंवा आता यायचंच नाही म्हणून. मळ्याकडे जायचा धीर मला झाला नाही. परीक्षा संपली, दिवाळीची सुट्टी लागली आणि मी गावी आलो.

भाताची कापणी चालू होती. मी वडिलांबरोबर शेतात होतो. दुपारची एस.टी. फाट्यावर थांबली आणि कंडक्टर दारात लटकून आमच्या शेताकडे ओरडायला लागला. दसऱ्यापासून त्याच्या गाडीतल्या देवाच्या फोटोला झेंडूचा हार असायचा, तो हार नाशिकला कोणाकडून घेतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"ए कॉलेजवाल्या! फुलवाल्या मावशीचा निरोप हाय!"

वडिलांचा विळा थांबला. मी "काय, काय" करत बांधाकडे धावलो.

"नळाजवळचा ओटा भेटला! आन् नात झाली!"

मी बांधावर पोचलो. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कंडक्टरनं त्याला हातानं थांबवलं.

"थांब रे, एकदाच झालं," तो म्हणाला. "चेरमननं तिला विचारलं म्हणं, तुला कोणी सांगितलं मीटिंगचं? तर मावशी म्हणाली, तुमच्याच माणसानं. तुमचा फोन नाय कळला, त्याचा कळला." मग त्यानं तोंडाभोवती हाताचा कर्णा केला, मी समोर उभा असूनही, कारण पद्धत ती पद्धत.

"नळाजवळचा ओटा भेटला! आन् नात झाली!"